आधी सूचना, मग श्वास : सकाळच्या योगाचा व्हिडिओ कसा लिहायचा

रोवणीच्या दिवसांत आपली कंबर कशी होते, ते वेगळं सांगायला नको. सकाळी पऱ्हे उपटायचे, पेंढ्या बांधायच्या, मग दिवसभर चिखलात वाकून रोवायचं. संध्याकाळी बांधीतून बाहेर आलं की सरळ उभं राहायलाच दोन मिनिटं लागतात. म्हणून आमच्या पवनी तालुक्यातल्या बचत गटानं ठरवलं, की सकाळी कामावर जाण्याआधी बारा मिनिटं योगासनं करायची. शिकवणाऱ्या ताई रोज येऊ शकत नव्हत्या. तेव्हा त्यांच्याकडून आसनं नीट शिकून घ्यायची, मोबाईलवर एक व्हिडिओ करायचा, आणि तो लावून सगळ्यांनी मिळून करायचं, असं आम्ही ठरवलं. त्या व्हिडिओचे शब्द लिहिताना आमचं काय चुकलं आणि ते कसं दुरुस्त केलं, ते आज सांगतो. तुमच्या गटाला असा व्हिडिओ करायचा असेल, तर आमची चूक तुम्हाला पुन्हा करावी लागणार नाही.

आसनं आम्ही मनानं निवडली नाहीत. २१ जूनला योग दिवस असतो. २०१५ सालापासून तो दर वर्षी होतो. त्या दिवशी सगळीकडे एकच ठरलेला क्रम करतात, तो केंद्राच्या आयुष मंत्रालयानं तयार केलेला आहे. तो पूर्ण करायला पाऊण तास लागतो. तेवढा वेळ आपल्याकडे नाही. म्हणून ताईंच्या सल्ल्यानं आम्ही त्यातलं थोडंच घेतलं. तीन मिनिटं मान, खांदे, कंबर आणि गुडघे मोकळे करणं. मग दोन मिनिटांत दोनदा ताडासन. अडीच मिनिटांत दोनदा भुजंगासन. शेवटी साडेचार मिनिटं शवासन. झाली बारा मिनिटं. पुढे वाकायचं एकही आसन यात घेतलं नाही, कारण दिवसभर आपण पुढेच वाकतो. ताडासनात अंग वर ताणलं जातं, भुजंगासनात पाठ मागे जाते. वाकून राहिलेल्या अंगाला नेमकं तेच हवं असतं.

आता पहिल्या व्हिडिओची गोष्ट. एक जण आसन करून दाखवत होती आणि तीच बोलत होती. तिनं हात वर केले आणि म्हणाली, “श्वास घ्या, हात वर.” पहिल्याच सकाळी अंगणात गोंधळ उडाला. तिचे हात वर पोचले तेव्हा कुठे आमचे निघाले. आमचे पोचले तोवर ती “श्वास सोडा” म्हणाली. मागच्या ओळीतल्या काकू म्हणाल्या, “तुमचं ऐकू येते तोवर आमी खाली येऊन गेलो न बाई!” अर्ध्या जणी श्वास घेत होत्या, अर्ध्या सोडत होत्या, आणि दोघी-तिघींनी श्वास रोखूनच धरला होता. भुजंगासनात तर आणखी मजा. पालथं झोपून कपाळ जमिनीला टेकलं की मोबाईल दिसतच नाही. जी ती मान वळवून पडद्याकडे बघत होती, आणि मान वळवून ते आसन करणं हेच मानेला वाईट.

यातून पहिली गोष्ट कळली. योगाचा व्हिडिओ बघायचा कमी आणि ऐकायचा जास्त असतो. डोळे मिटून, पालथं झोपूनही फक्त आवाजावर आसन करता आलं पाहिजे. रेडिओवर चित्र नसतं, तरी आपल्याला सगळं कळतं. तसे शब्द लिहायचे.

दुसरी गोष्ट म्हणजे, सूचना आणि हालचाल एकाच वेळी चालत नाहीत. कानानं ऐकायचं, मनानं समजायचं, मग हात हलवायचा, याला वेळ लागतो. शाळेतली कवायत आठवा. सर आधी “दाहिने…” म्हणायचे, थोडं थांबायचे, आणि मग “मुड” म्हणायचे. “दाहिने” ऐकून आपण तयार व्हायचो आणि “मुड” म्हणताच सगळी ओळ एकदम वळायची. योगातही तसंच करायचं. आधी पूर्ण सूचना द्यायची, पुढे काय होणार आहे ते सांगायचं. मग क्षणभर थांबायचं. आणि मग एकच शब्द म्हणायचा, “घ्या” किंवा “सोडा”. हालचाल या एका शब्दावर सुरू होते, आणि ती संपेपर्यंत बोलणारीनं गप्प राहायचं.

आता किती वेळ गप्प राहायचं? यासाठी आम्ही घड्याळ घेतलं. सगळ्या जणी शांत बसल्या, डोळे मिटले, आणि प्रत्येकीनं एका मिनिटात आपले किती श्वास होतात ते मोजलं. मोठ्या माणसाचे बसल्या जागी साधारण १२ ते २० होतात. आमच्यात बहुतेकींचे १५च्या आसपास आले. म्हणजे एक श्वास आत आणि बाहेर मिळून चार सेकंदांचा. आसन करताना तो थोडा लांबवायचा असतो, पण एकदम फार नाही. एका पुस्तकात वाचून आम्ही आधी घ्यायला पाच आणि सोडायला दहा सेकंद ठेवले होते. त्यात सगळ्यांना धाप लागली. शेवटी घ्यायला तीन सेकंद आणि सोडायला चार सेकंद ठरवले. सोडायला थोडा जास्त वेळ, कारण सावकाश सोडलेल्या श्वासानं अंग सैल पडतं.

बोलण्याचाही हिशेब करावा लागतो. सावकाश, शांत बोललं तर तीन सेकंदांत चार-पाच शब्द होतात. म्हणून सहा शब्दांत सांगता येईल ते बारा शब्दांत सांगितलं, की पुढचं सगळं घाईत जातं. “हळूहळू” हा शब्द घाईनं म्हटला तर त्याचा काही उपयोग नसतो. आणि “घ्या” हा शब्द झटक्यात म्हटला, तर ऐकणारी श्वासही झटक्यातच घेते. तो थोडा ओढून म्हणायचा. आवाजाची जशी चाल, तशीच श्वासाची चाल होते.

आता ताडासनाचं एक मिनिट जसंच्या तसं देतो. डावीकडे मिनिट आणि सेकंद आहेत. कंसातलं बोलायचं नाही, ते बोलणारीसाठी आहे.

०:०० “ताडासन. सरळ उभ्या राहा. दोन पायांत तीन बोटांचं अंतर.”
०:०७ “हातांची बोटं एकमेकांत गुंफा. तळवे बाहेर वळवा.” (मौन, सगळ्यांचे हात गुंफून होईपर्यंत)
०:१७ “आता श्वास घेताना हात वर जातील. जमेल त्यांनी टाचाही उचलायच्या.”
०:२५ “घ्या…” (३ सेकंद मौन, हात वर जात आहेत)
०:३० “श्वास चालू. खांदे कानांपासून खाली.” (मौन)
०:३८ “आता श्वास सोडताना आधी टाचा, मग हात खाली.”
०:४३ “सोडा…” (४ सेकंद मौन)
०:४८ “हात सुटे सोडा. नेहमीसारखा श्वास.” (एक मिनिट होईपर्यंत मौन)

यात वर ताणून राहायचा वेळ पंधरा सेकंद आहे. त्याच्या सुरुवातीलाच “श्वास चालू” हे दोन शब्द आहेत, आणि साऱ्या लिखाणात हेच सगळ्यात कामाचे. आपल्याला “थांबा” म्हटलं की आपण श्वासही थांबवतो. डोक्यावर भरलेली घागर उचलताना श्वास आपोआप रोखला जातो ना, तसंच. म्हणून “थांबा”, “धरून ठेवा” असे शब्द आम्ही काढूनच टाकले. श्वास कुणी रोखला होता, ते ओळखायची खूण सोपी आहे. “सोडा” म्हटल्यावर अंगणातून “हुश्श” असा मोठा आवाज आला, की समजायचं श्वास रोखला होता. मग मधला वेळ कमी करायचा, किंवा “श्वास चालू” थोडं आधी म्हणायचं.

भुजंगासन थोडं जपून लिहावं लागतं. एक तर ते पालथं झोपून करायचं, दुसरं म्हणजे कंबर आधीच दुखत असते. हे पाहा :

०:०० “पालथ्या झोपा. गळ्यातलं पाठीवर घ्या. कपाळ जमिनीला टेकवा.” (मौन)
०:१२ “दोन्ही तळवे छातीच्या बाजूला. कोपरं अंगाला लागून.” (मौन)
०:२२ “पाय जोडून ठेवा, किंवा थोडे सैल. जसं सोयीचं.”
०:२८ “आता श्वास घेताना डोकं आणि छाती उचलायची. बेंबी जमिनीवरच.”
०:३५ “घ्या…” (३ सेकंद मौन)
०:४१ “श्वास चालू. हातांवर भार नको. नजर समोर.” (मौन)
०:५० “आता श्वास सोडताना आधी छाती, मग कपाळ खाली.”
०:५५ “सोडा…” (४ सेकंद मौन)
१:०० “मान एका बाजूला वळवा. हात सैल.” (सव्वा मिनिट होईपर्यंत मौन)

“गळ्यातलं पाठीवर घ्या” हे कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही. पण पहिल्या दिवशी मंगळसूत्राचे मणी छातीखाली रुतले, आणि कुणाचंच लक्ष श्वासाकडे राहिलं नाही. “नाभी” काढून आम्ही “बेंबी” लिहिलं, “मेरुदंड”च्या जागी “पाठीचा कणा”. ऐकताना अर्थ शोधायला लागलं, की तेवढ्यात श्वास निघून जातो.

या आसनात नेहमी होणारी चूक म्हणजे हातांनी जमीन ढकलून वर उठणं. छाती खूप वर जाते, दिसायलाही छान दिसतं, पण सगळी मोड कमरेच्या एकाच जागी पडते आणि तिथे चिमटा बसतो. बघणारीला ते लगेच ओळखता येतं. कोपरं सरळ झालेली असतात, खांदे कानांना टेकलेले असतात, आणि बेंबी जमिनीवरून उचललेली असते. असं दिसलं तर तिला म्हणायचं, “वहिनी, तळवे जमिनीवरून क्षणभर सोडून बघा.” हात सोडल्यावर छाती जेवढी वर राहते, तेवढंच आपलं भुजंगासन. चार बोटं वर राहिली तरी पुरे.

आता सांगतो शवासनाबद्दल, कारण आमची सगळ्यात मोठी चूक तिथे झाली. पहिल्या व्हिडिओत शेवटी लिहिलं होतं, “शवासन संपलं. उठून बसा.” आमच्यातली एक जण ताडकन उठली, उभी राहायला गेली, आणि तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. शेजारच्या आजीनं धरलं म्हणून ती पडली नाही. नंतर तपासणीत तिचं रक्त कमी निघालं. आपल्यात रक्त कमी असलेल्या बायका पुष्कळ आहेत. त्यातून उपाशीपोटी, नुसतं निजून, एकदम उठलं की डोक्याकडे जाणारं रक्त क्षणभर कमी पडतं. व्यायामाचं यात काही चुकलं नव्हतं, चुकलं होतं ते आमचं एक वाक्य. ते वाक्य काढून आता आम्ही उठण्यासाठीच दीड मिनिट ठेवलं आहे :

०:०० “हातापायांची बोटं हलवा.” (८ सेकंद मौन)
०:१० “उजव्या कुशीवर वळा. गुडघे पोटाकडे.” (२० सेकंद मौन)
०:३३ “डावा तळवा जमिनीवर टेकवा. हातानं ढकलत उठून बसा. डोकं सगळ्यात शेवटी वर.” (मौन)
०:४८ “डोळे मिटलेलेच राहू द्या. तीन श्वास.” (२५ सेकंद मौन)
१:१८ “आता डोळे उघडा. गरगरत असेल त्यांनी बसूनच राहा.”

तेव्हापासून कुणाला अंधारी आली नाही. सकाळी पोट रिकामं हवं हे खरं, पण दोन घोट पाणी प्यायला हरकत नाही.

व्हिडिओ आपल्याला बघू शकत नाही, ही त्याची मोठी मर्यादा. कुणाला त्रास होतोय हे त्याला कळत नाही, तो आपला पुढे चालतच राहतो. म्हणून दर सकाळी एक जण आसनं करत नाही, मागे उभी राहून सगळ्यांकडे बघते. ही पाळी आम्ही लावून घेतली आहे. आणि कुणी काय करू नये, ते व्हिडिओच्या सुरुवातीलाच सांगितलं आहे. गरोदर बाईनं, हर्निया असेल तिनं, किंवा कुटुंबनियोजनाचं वा पोटाचं दुसरं कुठलं ऑपरेशन नुकतंच झालेल्या बाईनं भुजंगासन करू नये. ऑपरेशननंतर कधी सुरू करायचं ते डॉक्टरांना विचारावं. तोल जात असेल, गुडघे दुखत असतील किंवा चक्कर येत असेल, त्यांनी ताडासनात टाचा उचलू नयेत. रक्तदाब असलेल्या बाईनं श्वास मुळीच रोखू नये. आपल्या भागात सिकलसेल असलेल्या घरांची संख्याही कमी नाही. त्या बहिणींनी दमेपर्यंत काही करू नये, पाणी पीत राहावं, आणि आधी डॉक्टरांना विचारावं. कमरेतून पायात कळ जात असेल, पाय बधिर होत असेल किंवा पायाची ताकद कमी वाटत असेल, तर तो रोवणीचा साधा शीण नव्हे. तिथे आसन करत बसू नये, दवाखान्यात जावं.

आता शेवटचं, रेकॉर्डिंग कसं करायचं. आसन करणारी आणि बोलणारी वेगवेगळी ठेवा. करणारीच बोलली तर तिला धाप लागते, आणि आवाजातली धाप ऐकणारीच्या श्वासात उतरते. आमच्यात सगळ्यात सावकाश करणाऱ्या काकूंना आम्ही आसन करायला सांगितलं. एक जण त्यांच्याकडे बघत लिहिलेलं वाचत गेली, आणि तिसरी मोबाईलच्या घड्याळावर सेकंद लिहीत गेली. वरचे सगळे आकडे असेच आले आहेत. तरुण मुलीवरून वेळ ठरवला असता, तर काकू पुन्हा मागेच राहिल्या असत्या. सावकाश चाललं तर तरुणींचं काही बिघडत नाही.

मोबाईल स्टुलावर आडवा ठेवा आणि चित्र बाजूनं घ्या. बाजूनं पाठीचा बाक दिसतो, समोरून दिसत नाही. मान, खांदे मोकळे करताना मात्र समोरून घ्यावं लागतं. तेव्हा आवाज “उजवा हात” म्हणेल, तिथे करणारीनं आपला डावा हात उचलायचा. आपण आरशात बघतो तसं बघणारीला ते बरोबर वाटतं. आवाज घरात बसून, पंखा बंद करून घ्या. मोबाईलची रेंज बंद ठेवा, नाहीतर नेमका शवासनातच कुणाचा तरी फोन येतो. आणि मौनाचे सेकंद कापू नका. नंतर बघताना वाटतं, इथे कुणी काहीच बोलत नाही, थोडं कमी करू. पण ते सेकंद करणारीचे आहेत, तिचा श्वास तिथेच होतो.

व्हिडिओ झाल्यावर एक परीक्षा घ्या. आसनं माहीत नसलेल्या एका बाईला बोलवा. मोबाईल पालथा ठेवा, चित्र दिसू देऊ नका, आणि नुसत्या आवाजावर तिला करू द्या. ती जिथे थांबून “आता काय?” म्हणून तुमच्याकडे बघेल, तिथलं वाक्य पुन्हा लिहा. आम्हाला अशी सात वाक्यं पुन्हा लिहावी लागली. आठव्यांदा त्या काकूंनी डोळे उघडलेच नाहीत, तेव्हा आमचं लिखाण पूर्ण झालं.